मास्टर्स लगेच की आधी नोकरी? मत्स्यशास्त्राच्या एका पदवीधर मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मुलीचं आहे. तिला इथे केतकी म्हणूया, नाव खरं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. ती देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावातली. वडिलांची एका यांत्रिक नौकेत निम्मी भागी, आई सुकी मासळी विकते, धाकटा भाऊ बारावीत. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून तिने चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पूर्ण केली, गुणही चांगले मिळाले. त्या काळात मी पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना प्रवेश आणि नोकरीबद्दल सल्ला देत होतो, त्यामुळे हा निर्णय जवळून पाहता आला.

मत्स्यशास्त्रात पदवीनंतर वाटा कुठे फुटतात ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोळंबी प्रकल्प, बीज तयार करणारी हॅचरी, खाद्य कंपनी किंवा निर्यातीचा प्रक्रिया कारखाना, यांपैकी कुठेही पदवीवर नोकरी मिळते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातल्या पदांनाही पदवी चालते. पण कृषी संशोधन सेवेत शास्त्रज्ञ व्हायचं किंवा महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.एफ.एस्सी. हवीच, नेट ही पात्रता परीक्षा त्यानंतर. म्हणजे मास्टर्स करायची की नाही हे बऱ्याच अंशी कोणतं काम करायचं यावर ठरतं. केतकीला संशोधनाकडे जायचं होतं, तेवढं तिला ठाऊक होतं. संशोधन कशावर, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पेच

एम.एफ.एस्सी.साठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएआरची, अखिल भारतीय परीक्षा असते. सगळ्या मत्स्यशास्त्राचा एकच पेपर, एकच गुणवत्ता यादी. शाखा नंतर, समुपदेशनाच्या वेळी, क्रमांकानुसार मिळते. मत्स्यसंवर्धन, जलचर आरोग्य, मत्स्य प्रक्रिया, मत्स्य आनुवंशिकी, मत्स्य संसाधन व्यवस्थापन अशा शाखांची पसंती विद्यार्थ्याने आपापल्या क्रमाने भरायची असते. अगदी वरच्या क्रमांकांना पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते: महिन्याला १२,६४० रुपये, दोन वर्षं. ती हुकली, पण आपल्या राज्याबाहेर प्रवेश घेतला, तर नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिपचे महिन्याला ५,००० रुपये मिळतात.

केतकीचा क्रमांक मधला आला. मोठी शिष्यवृत्ती हुकली. परराज्यातल्या एका महाविद्यालयात मत्स्य प्रक्रिया शाखेची जागा मिळाली. पसंतीक्रमात ही शाखा तिने चौथी भरली होती, आणि भरताना फारसा विचार केला नव्हता. तिसरीपर्यंत काहीतरी मिळेलच असं तिने गृहीत धरलं होतं.

त्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या वनामी कोळंबी प्रकल्पावरून तंत्रज्ञ म्हणून नोकरीचा निरोप आला. पगार १८,००० रुपये, राहणं-जेवण प्रकल्पावर.

वेळही अशी की घरात पैसा नसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदीच्या दिवसांत उत्पन्न थांबतं आणि नौकेची डागडुजी, जाळी, इंजिन यांचा खर्च मात्र सुरू राहतो. प्रवेशाची फी भरायची वेळ नेमकी या दिवसांच्या शेपटाला येते. खलाशांच्या आणि भागीदारांच्या घरांतली मुलं पदव्युत्तर प्रवेश सोडतात त्यामागे अनेकदा एवढंच असतं: ऑगस्टमध्ये हातात रोकड नसते, ऑक्टोबरात असती. वडील मात्र तिला एवढंच म्हणाले, "तुका काय करूचा हा ता तू ठरय, पैशाचा मी बघतंय."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, मिळालेली जागा घेणं. फी, वसतिगृह, मेस आणि वरखर्च मिळून महिन्याला सरासरी ९,५०० रुपये लागतील असा अंदाज तिने त्या महाविद्यालयातल्या एका सीनियरला विचारून काढला. त्यातून ५,००० वजा केले तर घरून महिन्याला ४,५०० लागणार होते, दोन वर्षांचे १,०८,०००. हा आकडा मोठा असला तरी अशक्य नव्हता, आणि शैक्षणिक कर्जाचा रस्ताही होता. म्हणून मी तिला सांगितलं की पैसा थोडा वेळ बाजूला ठेवून शाखेचा विचार कर.

दुसरा पर्याय, राज्यातल्याच महाविद्यालयात प्रवेश. राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या जागांसाठी वेगळी सीईटी असते. ती दिली असती तर शिरगावलाच, घरापासून एका बसच्या अंतरावर, जागा मिळण्याची शक्यता होती. पण तिने तो अर्ज भरलाच नव्हता, त्यामुळे या वर्षापुरता हा पर्याय बाद.

तिसरा, नोकरी धरणं आणि मास्टर्सचं दोन-तीन वर्षांनी बघणं.

चौथा पर्याय बोलता बोलता निघाला: नोकरी घ्यायची, पण एकाच हंगामापुरती, आणि पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यायची.

तिसरा आणि चौथा पर्याय वरून सारखेच दिसतात, पण त्यांत फार फरक आहे. प्रवेश परीक्षेचा निकाल त्या वर्षापुरताच चालतो. अभियांत्रिकीत गेटचा निकाल तीन वर्षं टिकतो, त्यामुळे तिथला मुलगा निकाल खिशात ठेवून नोकरी करू शकतो. इथे जागा सोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. परीक्षाही चार वर्षांच्या सगळ्या विषयांवर असते: मत्स्य वर्गीकरण, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, सांख्यिकी, अर्थशास्त्र. तळ्यावर काम करणाऱ्याचं मत्स्यसंवर्धन पक्कं होतं आणि बाकीचं विसरत जातं. वर्षभराने परत वाचणं जमतं. तीन वर्षांनी ते जमवणारे मी थोडेच पाहिले आहेत. म्हणून 'काही वर्षं नोकरी' असं मोघम न बोलता कितवी परीक्षा द्यायची ते आधी ठरवावं लागतं.

निर्णय

जागा सोडायची की नाही यावर तिने चार दिवस घेतले. मी तिला एकच गोष्ट विचारली: प्रक्रिया शाखेत दोन वर्षं घालवून जे काम मिळेल ते तुला करावंसं वाटतं का? कमीपणा दाखवायला हा प्रश्न नव्हता. प्रक्रिया शाखा कोकणाला फार जवळची आहे. तिच्याच वर्गातल्या एका मुलाने आनंदाने ती घेतली आणि आज तो निर्यात कारखान्याच्या गुणवत्ता विभागात चांगला रुळला आहे. केतकीने मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रशिक्षणात कारखाना पाहिला होता. काम समजलं होतं, पण मनात त्याबद्दल एकही प्रश्न उभा राहिला नव्हता. एम.एफ.एस्सी.चं दुसरं वर्ष बहुतेक प्रबंधातच जातं. ज्या विषयात आपल्याला काही विचारावंसंच वाटत नाही त्यात प्रबंध म्हणजे मार्गदर्शकाने दिलेलं काम पुरं करणं.

तिला मत्स्यसंवर्धन किंवा आरोग्य शाखा मिळाली असती, किंवा मोठी शिष्यवृत्ती मिळाली असती, तर मी तिला लगेच जा म्हणालो असतो. तळ्याचा अनुभव नंतरही घेता येतो. इथे दोन्ही नव्हतं, म्हणून थांबण्याला अर्थ होता. तिने जागा सोडली.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी तिने प्रकल्पमालकाशी दोन गोष्टी बोलून घेतल्या, त्यातली एक राहण्याची. कोळंबी प्रकल्पावर तंत्रज्ञाला रात्री थांबावंच लागतं, कारण पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. बहुतेक प्रकल्पांवर एकच खोली असते आणि ती पुरुष कामगारांची. मुलींना तंत्रज्ञ म्हणून न घेण्याचं कारण विचारलं तर हेच सांगतात. तिने स्वतंत्र खोली, आतून कडी आणि स्वतंत्र न्हाणीघर मागितलं, आणि मालकाने ते करून दिलं. दुसरी गोष्ट नोकरी सोडण्याची. मे अखेरीस आपण जाणार, हे तिने नेमणूक पत्रात लिहून घेतलं. ही ओळ पुढे फार कामाला आली.

तळ्यावरचं वर्ष

कोकणात जुलै-ऑगस्टच्या पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, म्हणून बरेच प्रकल्प तेव्हा तळी रिकामी ठेवतात. या प्रकल्पावर सप्टेंबरात एक पीक सोडलं ते डिसेंबरात निघालं, आणि मग तळी सुकवून फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाळी पीक सोडलं. केतकीचं काम ठरलेलं होतं. पहाटे चारला प्राणवायू मोजायचा, तो लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली जाताना दिसला तर पाण्यात हवा मिसळणारे आणखी एरेटर लावायचे. दिवसातून चारदा खाद्य, प्रत्येक वेळी चेक ट्रे उचलून किती उरलं ते पाहायचं. आठवड्याला नमुना काढून वजन. वीज गेली की काही मिनिटांत जनरेटर, नाहीतर तळं हातचं जातं. पहिलं पीक नीट निघालं.

उन्हाळी पिकात, साधारण पंचेचाळिसाव्या दिवसानंतर, एका तळ्यात तिला वेगळं काही दिसू लागलं. मर नव्हती. पण नमुन्यातली काही कोळंबी बारा ग्रॅमची, तर काही जेमतेम पाच ग्रॅमची. चेक ट्रेमध्ये खाद्य उरू लागलं. मग तळ्याच्या कोपऱ्यात, वाऱ्याने फेस जमतो तिथे, पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा तरंगताना दिसली. तिने नमुने पीसीआर तपासणीला पाठवले. निदान ईएचपीचं आलं. हा सूक्ष्म परजीवी कोळंबीच्या पचनग्रंथीत वाढतो. तो पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसारखं तळं एका रात्रीत मारत नाही. खाद्य खाऊनही कोळंबी वाढत नाही, आणि मालकाला ते कळतं तेव्हा खाद्याचे पैसे गेलेले असतात. त्यावर खात्रीचं औषध नाही.

तिने बीजाचे कागद काढून पाहिले. हॅचरीच्या दाखल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची तपासणी होती, ईएचपीची नव्हती. प्रकल्पाने ती मागितलीच नव्हती, आणि बीज सोडताना कागद तपासले होते खुद्द केतकीने. ते तळं मालकाने सत्तराव्या दिवसाच्या आसपास उपसून काढलं. चाळीस काउंटच्या मालाची अपेक्षा होती, निघाला शंभर काउंटचा. काउंट म्हणजे किलोत बसणारी संख्या. ती जितकी जास्त, तितकी कोळंबी लहान आणि भाव कमी.

त्या रात्री तिचा फोन आला. घडल्या प्रकाराचं वाईट वाटत होतंच, पण बोलणं पुढचं होतं. तळ सुकवून चुना टाकला तर बीजाणू खरंच मरतात का? शेजारच्या तळ्याला लागण का झाली नाही, पाणी तर एकाच कालव्याचं? परजीवी बीजाबरोबर आला की आधीच्या पिकातून तळाच्या गाळात राहिला होता? जागा सोडताना तिच्याकडे असा एकही प्रश्न नव्हता. जलचर आरोग्य शाखा तिने त्या रात्री ठरवली असं मी मानतो, जरी ती स्वतः म्हणते की ते हळूहळू ठरलं.

अभ्यास आणि मे महिन्यातली ओढाताण

नोकरी करून अभ्यास होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कोळंबीच्या तळ्यावर तो होत नाही. पहाटे चार ते रात्री अकरा असे तुकड्यातुकड्यांत दिवस जातात, आणि मधला वेळ झोपेचा असतो. केतकीने सप्टेंबरात रोज दोन तासांचं वेळापत्रक केलं, ते दोन आठवडे टिकलं. खरा अभ्यास झाला तो डिसेंबर-जानेवारीत, तळी सुकत होती त्या पाच आठवड्यांत. तेव्हा तिने सराव पेपर सोडवून पाहिले आणि गुण कुठे जातात ते शोधलं. गुण जीवरसायन आणि सांख्यिकीत जात होते. मग उरलेला वेळ तिने या दोन विषयांना दिला, आणि जे तळ्यावर रोज डोळ्यांसमोर होतं त्याला हात लावला नाही.

परीक्षा गेली काही वर्षं जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला होते आहे. उन्हाळी पीक निघतं तेही पाऊस लागायच्या आत, म्हणजे मे अखेर ते जून. तंत्रज्ञाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच त्याला अभ्यासाला बसायचं असतं, आणि बक्षिसीही पीक निघाल्यावरच मिळते. मालकाने तिला थांबायची विनंती केली. एका तळ्याचं नुकसान झालेलं, बाकीची तळी ऐन भरात, आणि माणूस मिळत नव्हता. थांबलीस तर पुढच्या हंगामापासून २४,००० देतो, असंही तो म्हणाला.

या प्रकरणातला सगळ्यात कठीण क्षण हाच होता. जागा सोडताना निदान समोर नोकरी होती. इथे वाढलेला पगार, एका चांगल्या माणसाची अडचण आणि स्वतःच्या हाताने वाढवलेलं पीक एका बाजूला, आणि काय लागेल ते ठाऊक नसलेली परीक्षा दुसऱ्या बाजूला. तिच्या वर्गातला एक मुलगा अशाच प्रसंगी दुसऱ्या प्रकल्पावर थांबला. पुढच्या वर्षीही थांबला. आज तो तीन प्रकल्पांचा प्रमुख आहे, चांगलं कमावतो आणि मास्टर्सचा विषय त्याने सोडून दिला आहे. त्याच्यासाठी ते बरोबरच झालं, कारण त्याला तळंच हवं होतं. केतकीला संशोधनात जायचं होतं. तिने नेमणूक पत्रातली ती ओळ मालकाला दाखवली, मागून आलेल्या तंत्रज्ञाला आठवडाभर सगळं शिकवलं आणि मे संपताना निघाली. बक्षिसीचा एक महिन्याचा पगार, १८,००० रुपये, बुडाला.

निकाल

दुसऱ्या वेळी क्रमांक बराच वर आला, पण मोठी शिष्यवृत्ती पुन्हा हुकली. या वेळी तिने राज्याची सीईटीही दिली होती आणि तिच्या आधारे राज्यात मत्स्यसंवर्धनाची जागा मिळत होती. आयसीएआरमधून परराज्यात जलचर आरोग्याची जागा आली. तिने दुसरी घेतली.

पैशाचा हिशेब असा झाला. नऊ महिने तिने घरी महिन्याला ८,००० पाठवले आणि ६,००० मागे टाकले, म्हणजे ५४,००० शिल्लक. दोन वर्षांची तूट आधीसारखीच, १,०८,०००. निम्मी तिने स्वतः भरली, निम्मी वडिलांनी. पहिल्या वर्षाची फी भरताना बंदी नुकतीच संपलेली होती, पण या वेळी रक्कम तिच्या खात्यात होती, त्यामुळे नौकेच्या डागडुजीला हात लावावा लागला नाही.

गमावलं तेही सांगायला हवं. तिच्याबरोबर पदवी घेऊन थेट गेलेली मैत्रीण तिच्याआधी एक वर्ष नेटला बसली. घरी लग्नाचा विषय त्या एका वर्षामुळे आधी आणि जोरात निघाला, आणि तो थोपवण्यात आईची बरीच शक्ती गेली. मिळालं ते प्रबंधात दिसलं. बाकीची मुलं विषय शोधत होती तेव्हा तिने पहिल्याच बैठकीत मार्गदर्शकांसमोर तळाच्या गाळातल्या ईएचपी बीजाणूंचा प्रश्न ठेवला, आणि किरकोळ बदल होऊन तोच विषय ठरला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या वर्षी राज्याच्या सीईटीचा अर्ज भरला असता तर पेच इतका घट्ट झालाच नसता. कदाचित तिला शिरगावलाच मत्स्यसंवर्धन मिळालं असतं, आणि मग नोकरीचा प्रश्न उद्भवला नसता. दोन परीक्षांचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या. एक भरला की झालं असं समजणारी मुलं दरवर्षी भेटतात.

पसंतीक्रम भरताना जी शाखा मिळाली तर आपण जाणार नाही ती लिहूच नये. चौथ्या क्रमांकावरचा प्रक्रिया विभाग तिने यादी लांब दिसावी म्हणून भरला. तो लिहिला नसता तर कदाचित काहीच मिळालं नसतं, पण मग निर्णय जागा सोडण्याचा न राहता सरळ नोकरी घेण्याचा झाला असता, आणि ऑगस्टमधले ते चार दिवस घरात इतके जड गेले नसते.

प्रकल्पाच्या निवडीबद्दल माझं आणि तिचं मत वेगळं आहे. मला वाटतं तिने हॅचरीतली नोकरी शोधायला हवी होती. तिथे कामाच्या पाळ्या असतात, अभ्यासाला ठरलेले तास मिळतात आणि बीजाच्या तपासण्या स्वतः करायला मिळतात. पण मोठ्या हॅचऱ्या बहुतेक आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत, आणि पहिलीच नोकरी इतक्या दूर घ्यायला घर तयार नव्हतं. केतकीचं म्हणणं असं की हॅचरीत ती बीज तपासायला शिकली असती, पण त्या बीजाचं पुढे तळ्यात काय होतं हे तिला दिसलं नसतं.

बक्षिसीबाबत आमचं एकमत आहे. सोडण्याची तारीख लिहून घेतानाच पिकाच्या दिवसांच्या प्रमाणात बक्षिसी मिळेल असं लिहून घ्यायला हवं होतं. फेब्रुवारी ते मे तिने सांभाळलेलं पीक जूनमध्ये दुसऱ्याच्या हाताने निघालं, आणि बक्षिसी त्याला मिळाली. आता तिच्या गावातून किंवा महाविद्यालयातून कोणी वर्षभराच्या नोकरीबद्दल विचारायला फोन केला तर ती आधी दोन गोष्टी विचारते: पत्रात सोडण्याची तारीख आहे का, आणि बक्षिसी कशी मोजणार ते लिहिलंय का. राहण्याच्या खोलीचं ती त्याच्याही आधी विचारते, फोन मुलीचा असेल तर.